कविता कळली, पण जमली का?

माझी भाची दहावीला होती तेव्हा तिची मराठीची वही मी चाळली होती. रसग्रहणाची उत्तरं तीन भागांत बांधलेली: आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये. प्रत्येक उत्तराच्या शेवटी लाल बरोबरची खूण. अक्षर सुरेख, एकही चूक नाही. वही मिटताना मी तिला विचारलं, "यातली कुठली कविता तुला चांगली वाटली नाही?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "मावशी, असं कुठे विचारतात?"

खरंच, कुठेच विचारत नाहीत. शीर्षकातच 'सौंदर्य' हा शब्द बसवलेला असल्यामुळे निकाल आधीच लागलेला असतो. विद्यार्थ्याने फक्त त्या निकालाची कारणं जोडायची. पुढे बी.ए., एम.ए.ला प्रतिमा, प्रतीक, कालखंड, कवीचं चरित्र अशी भर पडते, पण प्रश्न तोच राहतो: कवीला काय म्हणायचं आहे? ते म्हणणं त्या आठ-दहा ओळींत उभं राहिलं की नुसतं सांगितलं गेलं, हे कोणी विचारत नाही. कवितासंग्रहांच्या प्रस्तावना आणि परीक्षणंही याच वळणाने जातात. "कवयित्रीने स्त्रीच्या वेदनेला वाचा फोडली आहे" असं वाक्य येतं. वाचा फुटली की नाही, ते शोधायला आपणच संग्रह उघडायचा.

माझं म्हणणं असं की उलगडून सांगणं आणि जोखणं ही दोन वेगळी कामं आहेत, आणि दुसरं काम आपण सोडून दिलं आहे. उलगडा कुठल्याही कवितेचा करता येतो. अगदी पडलेल्या कवितेचाही अर्थ सांगता येतो, अलंकार दाखवता येतात, सामाजिक संदर्भ जोडता येतो. म्हणजे उलगडा कितीही खोल गेला तरी चांगली कविता आणि पडलेली कविता यांतला फरक त्याच्या हाती लागत नाही. तो हाती लागायला वेगळे प्रश्न विचारावे लागतात. मी तीन विचारते. हे या कवीनेच पाहिलं आहे का? कविता एका जिवाची आहे का? आणि शेवटी जे मनात दाटतं ते कवितेने कमावलेलं आहे की दुसरीकडून उसनं आणलेलं?

हे हवेत बोलण्यात अर्थ नाही, म्हणून सगळ्यांना पाठ असलेली कविता घेते. बालकवींची 'औदुंबर'. फक्त आठ ओळी.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेऊन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतून.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

मराठीत या कवितेचा जितका अर्थ लावला गेला तितका फार थोड्या कवितांचा लावला गेला असेल. औदुंबर म्हणजे संसार पाहून विरक्त झालेला योगी. औदुंबर म्हणजे स्वतः कवी. काळा डोह म्हणजे मृत्यू, आणि पायवाट म्हणजे जन्मापासून तिथपर्यंतचा प्रवास. यात मग चरित्रही येऊन मिळतं. बालकवी 1918 साली भादली स्टेशनाजवळ रेल्वे अपघातात गेले, अवघे सत्तावीस वर्षांचे. हे एकदा कानावर पडलं की काळा डोह अधिकच काळा दिसू लागतो.

यातला प्रत्येक अर्थ लावता येतो. माझी अडचण पुढची आहे. 'आयुष्य मृत्यूकडे जातं आणि ज्ञानी माणूस ते शांतपणे पाहतो' हे सार शेकडो सुमार कवितांचंही निघेल. तेच सार असूनही त्या कविता आपण विसरलो आणि ही शंभर वर्षं टिकली, तर फरक सारात नाही. तो या आठ ओळींच्या बांधणीत शोधायला हवा. कवीच्या मृत्यूची हळहळ तर कवितेच्या खात्यावर धरताच येत नाही. ती त्यांच्या आयुष्याने दिली, ओळींनी दिलेली नाही. ती बाजूला ठेवून वाचलं तरी कविता उभी राहते का, एवढंच पाहायचं.

आधी एकसंधता. या शब्दाचा अर्थ अनेकजण 'विषय सोडून न जाणं' असा घेतात. तेवढं तर निबंधालाही जमतं. इथे नजर कशी फिरते ते बघा. दोन्ही तटांवरचा विस्तार, मग दूर टेकडीकडचं गाव, मग गावापुढचे मळे, मळ्यांतून निघालेली वाट, वाटेच्या टोकाला डोह, आणि डोहात पाय टाकलेलं एक झाड. लांबून जवळ, विस्तारातून एका बिंदूवर. रंगही तसेच उतरत येतात. हिरवा, निळासावळा, पुन्हा हिरवा, एकदाच पांढरा, परत हिरवा आणि मग काळा. काळ्यानंतर दुसरा रंग नाही. क्रियापदं पाहिली तर झरा वाहतो, वाट पडते, वाट चालते, काळिमा पसरतो. सगळं हलतं आहे. शेवटच्या ओळीत पहिल्यांदाच कोणीतरी 'बसतं'.

यमक तर मला फार उशिरा ऐकू आलं. मधल्या चारही ओळी एकाच नादावर संपतात: टेकडीकडे, पुढे, पडे, डोहाकडे. गावापासून डोहापर्यंतचा सगळा रस्ता कानालाही एकच लागतो. डोह आला की तो नाद तुटतो आणि 'लाटांवर', 'औदुंबर' असा बसका शेवट येतो. चाल आठ-आठ मात्रांच्या गटांची आहे, झऱ्यासारखी सरळ वाहणारी. शेवटच्या दोन ओळींत अखेरचा टप्पा मात्रेने आखूड होतो, म्हणून तिथे आवाज आपोआप रेंगाळतो. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल हे लयीचे तीन नियम मांडले. ते पुस्तकात वाचून मला नीट उमगले नव्हते. या कवितेत वाहणं विरुद्ध बसणं, हिरवं विरुद्ध काळं हे दिसलं तेव्हा उमगले.

आणखी एक गोष्ट. गाव आहे, चार घरं आहेत, मळे आहेत, पण अख्ख्या कवितेत माणूस नाही. पायवाट आहे, पण तिच्यावर पाय नाहीत. वाट स्वतःच चालते. पाय येतात ते थेट शेवटच्या ओळीत, आणि ते झाडाचे असतात. 'पायवाट' या शब्दात लपलेले पाय तीन ओळींनी पाण्यात टेकतात. बालकवींनी हे ठरवून केलं की त्यांच्या कानाने केलं, याच्याशी मला कर्तव्य नाही. ओळींत ते आहे. एकसंधता मी म्हणते ती ही. कुठलीही ओळ काढली तर पुढच्या ओळीचं काहीतरी उणं होतं. आणि ती तपासायची रीतही अशीच साधी आहे. ओळ काढून बघा, कडवी उलटसुलट करून बघा. पुष्कळ कवितांची मधली दोन कडवी अदलाबदल केली तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. 'औदुंबर'चं तिसरं कडवं दुसऱ्याच्या आधी आणलं तर 'तयांतुनि' म्हणजे कशातून, हेच कळत नाही.

आता स्वतंत्रपणा. नवा विषय किंवा चमत्कारिक प्रतिमा म्हणजे स्वतंत्रपणा नव्हे. झरा, मळे, टेकडी, झाड यांत नवं काहीच नाही. पाण्याकाठी उंबर असतो हेही सगळ्यांनी पाहिलेलं असतं. झाड म्हटलं की कवी ते उभं करतात. तपस्वी उभा, पहारेकरी उभा, छत्र धरून उभा. बालकवींनी ते बसवलं, आणि तेही पाण्यात पाय सोडून, जसा आपण उन्हाचं चालून आल्यावर नदीच्या घाटावर बसतो तसं. पाण्यात उतरलेली मुळं ज्याने नीट पाहिली आहेत त्यालाच ही ओळ सुचेल. आणि 'असला'! 'असला पाऊस मी पाहिला नाही' म्हणताना आपण जो शब्द वापरतो तो. कवी औदुंबराचं वर्णन करत नाही, नुसतं बोट दाखवतो. पाहणाऱ्याचा सगळा अचंबा त्या एका बोलीतल्या शब्दात आहे.

मात्र इथे मला एक शंका नोंदवायला हवी, नाहीतर जोखण्याऐवजी पुन्हा आरतीच होईल. 'उंबर' न म्हणता 'औदुंबर' म्हटल्यावर मराठी माणसाच्या मनात नृसिंहवाडी, गाणगापूर, दत्ताच्या पादुका हे सगळं जागं होतं. त्या पावित्र्याचा फायदा कविता घेते का? घेते. 'बसला असला उंबर' असं मनात म्हणून बघा, ओळ हलकी होते. पण ती पादुका मांडत नाही, पार बांधत नाही, कुणाला हात जोडायला लावत नाही. संस्कृतीने दिलेली पुंजी आहे, तिच्यावर कवीने स्वतःचं काहीतरी उभारलं आहे. निव्वळ पुंजीवर जगणाऱ्या कविता वेगळ्या ओळखू येतात. त्यांत देवाचं नाव काढलं की खाली काहीच उरत नाही. इथे औदुंबराची दत्तभक्ती ठाऊक नसलेल्या वाचकालाही आधीच्या सात ओळींनी काहीतरी दिलेलं असतं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि ती याच कवीच्या दुसऱ्या कवितेशेजारी ठेवून चांगली दिसते. 'आनंदी आनंद गडे, इकडे तिकडे चोहिकडे' आपण सगळेच म्हणत मोठे झालो. ठेका असा की लहान मूल उड्या मारतंच. 'नभांत भरला, दिशांत फिरला, जगांत उरला' हे तीन तुकडे म्हणताना झोक्यावर बसल्यासारखं वाटतं, आणि ते श्रेय बालकवींचंच. पण कविता म्हणून जोखायची तर सांगायला हवं की इथे आनंद सांगितला जातो, घडत नाही. मोद वरती आहे, खाली आहे, वाऱ्याबरोबर आहे, नभात आहे. तो सगळीकडे आहे म्हणून कुठेच दिसत नाही. सूर्यकिरण सोनेरी, चांदणं हसतं, संध्या गाते. यांतलं एकही चित्र बालकवींनाच दिसलं असतं असं नाही. पुढे स्वार्थ, द्वेष, मत्सर ही नावं येतात. ते सोडले की आनंद मिळतो असा उपदेश होतो आणि द्वेष संपतोही. तो संपताना आपण पाहिलेला नसतो. कवी म्हणतो म्हणून आपण मान डोलावतो. उलगडून सांगणाऱ्या समीक्षेला या दोन कवितांत फरक करता येणार नाही. दोन्हींतही निसर्गप्रेम, नादमाधुर्य, तत्त्वचिंतन. दोघींनाही पूर्ण गुण. माझ्या मते एक थोर कविता आहे आणि दुसरी गोड गाणं.

'गोड' म्हटलं तर तो शब्द 'औदुंबर'मध्येही आहे. 'गोड काळिमा'. संपूर्ण कवितेत भावना थेट सांगणारा हा एकच शब्द. बरीच वर्षं तो मला खटकत होता. वाटायचं, इथे कवीचा धीर सुटला, काळोख गोड आहे हे आम्हाला दिसू द्यायचं होतं. मग मी त्याच्या जागी त्याच मात्रांचा 'दाट' घालून पाहिला. 'झाकळुनी जळ दाट काळिमा'. चाल जुळते, पण डोह एकदम भीतीचा होतो. पांढरी वाट तिथे जाऊन बुडते असं वाटतं, आणि त्यात पाय टाकून कोणी निवांत बसलं आहे यावर विश्वास बसत नाही. 'गोड' हा शब्द ज्या क्षणी येतो त्या क्षणी उधारीचा असतो. पुढच्या ओळीत ते झाड बसतं आणि उधारी फिटते. कमावलेली भावना मी म्हणते ती याला. कवी एखादा मोठा शब्द उच्चारू शकतो, पण त्याची किंमत त्याच कवितेत चुकती झाली पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. जोखायचं म्हटलं की कुणाच्या मापाने, असा प्रश्न उभा राहतो. 1972 साली नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' आला तेव्हा कामाठीपुऱ्याच्या त्या भाषेने पुष्कळ वाचक बिचकले. दलित साहित्याला 'प्रचारकी', 'कलाहीन' म्हणणाऱ्यांच्या तोंडीही कलेचे, एकसंधतेचे असेच शब्द होते. ज्यांना आपलीच चाल-रीत म्हणजे कला वाटत होती त्यांनी ती मापं दार लावायला वापरली. म्हणून नंतरच्या अनेकांना वाटलं की मूल्यमापन म्हणजेच अन्याय, आपण फक्त समजून घेऊया.

हे दुखणं खरं आहे, पण त्यावर काढलेला उपाय मला पटत नाही. नुसतं 'समजून' घेतल्याने ढसाळांचं भलं झालं नाही. त्यांना 'विद्रोहाचा आवाज' असं लेबल लागलं आणि त्यांच्याच शब्दांची नक्कल करून, शिव्या आणि गटारं मांडून लिहिलेल्या फिक्या कविताही त्याच लेबलाखाली त्यांच्या शेजारी बसल्या. विद्रोह दोन्हींत आहे, मग फरक काय सांगणार? फरक त्याच तीन प्रश्नांनी सांगता येतो. ढसाळांची भाषा त्यांनी जगलेल्या वस्तीतून उचललेली आहे. तिच्यात एका दमात ओळींवर ओळी कोसळत येतात, आणि ते कोसळणं हीच त्या कवितेची बांधणी आहे. तिला 'औदुंबर'सारखी शांत उतरण मागणं चूक. पण तिचा राग तिने कसा कमावला, हे विचारणं चूक नाही. ज्यांनी 'विस्कळीत' म्हणून ती बाजूला सारली त्यांनी जोखलं हा त्यांचा दोष नव्हता. त्यांनी कान न लावता जोखलं.

हे तीन प्रश्न मला पुस्तकांनी शिकवले नाहीत, टपालाने शिकवले. गेली काही वर्षं मी एका छोट्या दिवाळी अंकासाठी कविता निवडते. जून संपला की पाकिटं यायला लागतात, आता जास्त करून मोबाईलवर. त्यांतल्या कितीतरी आईवर आणि शेतकरी बापावर. बापाच्या पायांच्या भेगा, घामाचे मोती, आटलेलं रक्त. वाचताना डोळे भरतात, आणि भरले म्हणून कविता चांगली असं मी पहिल्या वर्षी धरून चालले होते. पुढे लक्षात आलं की डोळे माझ्या वडिलांसाठी भरत होते. 'बाप' हा शब्दच ते काम करतो, कवीला काही करावंच लागत नाही.

एका वर्षी लातूरकडच्या एका मुलाची बत्तीस ओळींची अशीच कविता आली. भेगा होत्या, मोती होते, शेवटी 'माझा बाप म्हणजे चालतं-बोलतं देऊळ' होतं. पण मध्येच, जणू चुकून, तीन ओळी अशा होत्या: 'सोसायटीचं पासबुक तो / ज्वारीच्या कणगीत ठेवतो, / उंदरांनी खाल्लं तर बरं म्हणतो.' मी त्याला फोन केला. उलगडूनच सांगायचं असतं तर म्हणाले असते की तुझ्या कवितेत कृषिजीवनाची वेदना आहे. मी म्हटलं, "या तीन ओळी तुझ्या आहेत. बाकीच्या एकोणतीस मी आधी वाचलेल्या आहेत."

पलीकडे बराच वेळ शांतता. मला वाटलं पोरगं दुखावलं. मग तो म्हणाला, "मॅडम, पण ते तर खरंच तसं म्हणतात. त्यात कविता काय?"

"ते म्हणतात तेव्हा तू कुठे असतोस?"

"दारात. अभ्यास करत असल्यासारखा."

"मग ते लिही."

महिन्याभराने नऊ ओळींची कविता आली. देऊळ नव्हतं, भेगा नव्हत्या, 'वेदना' हा शब्द नव्हता. कणगी होती, पासबुक होतं, आणि दारात उघडं पुस्तक धरून बसलेला मुलगा होता, जो एकाच पानावर होता. शेवटून दुसरी ओळ अजून सैल होती. त्यात 'काळजात' आलं होतं आणि ते मला नको होतं. मी त्याला तसं कळवलं. त्याने ती ओळ बदलली नाही. त्याचं म्हणणं होतं की तिथे त्याला दम घ्यायला जागा हवी. मी कविता मोठ्याने तीनदा वाचली, एकदा ती ओळ धरून, एकदा गाळून, पुन्हा धरून. गाळल्यावर शेवट फार लवकर येत होता, मुलगा पुस्तकातून मान वर करण्याआधीच. त्याचं बरोबर होतं. कविता आम्ही त्या ओळीसकट छापली.